बारा लाख आणि अठ्ठावन्न हजार

नमस्कार श्रोतेहो.

साताऱ्याजवळच्या आमच्या गावी गौरीजेवणाला सगळं घराणं जमतं. दोन वर्षांपूर्वी मात्र माझा एक चुलतभाऊ आणि वहिनी आले नाहीत. शाळेत काम आहे, असं त्यानं कळवलं होतं. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. शाळेला त्या दिवशी सुट्टी होती, हे नंतर कळलं.

मी त्याला फोन केला, तेव्हा तो खरं बोलला. "ताई, त्याआधीच्या वर्षी पंगतीत काकांनी विचारलं, पगार किती? मी म्हटलं, अठ्ठावन्न हजार. लगेच शेजारच्याला विचारलं, तुझं पॅकेज किती? तो म्हणाला, बारा लाख. काका सगळ्यांसमोर म्हणाले, म्हणजे महिन्याला लाख. मग माझ्या पानात पुरणपोळी पडली, पण घशाखाली उतरली नाही."

मी गेली अनेक वर्षं पगारपत्रकं तयार करते. म्हणून हा हिशेब मला फार लागला. कारण तो चुकीचा होता.

बारा लाखांचं पॅकेज म्हणजे कंपनी त्या माणसावर वर्षभरात करणार तो सगळा खर्च. त्यात मूळ पगार सहा लाख धरू. कंपनीनं भरायचा भविष्यनिर्वाह निधी त्याच्या बारा टक्के, म्हणजे ७२,००० रुपये, या बारा लाखांतच असतो. ग्रॅच्युइटीचे सुमारे २९,०००ही त्यातच, आणि ते कायम नोकरीत सहसा पाच वर्षं काढल्यावर मिळतात. कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम १,२०,००० असेल, तर ती वर्षाअखेरीस आणि कधी कधी अर्धीच हाती येते. विम्याचा हप्ता पंधरा हजार धरा. हे सगळं वजा केलं की उरतात नऊ लाख चौसष्ट हजार. त्यातून भविष्यनिर्वाह निधीचा स्वतःचा वाटा ७२,००० आणि व्यवसाय कर २,५०० कापला जातो. नव्या करप्रणालीत एवढ्या पगारावर सध्या प्राप्तिकर लागत नाही. म्हणजे दरमहा खात्यात येतात सुमारे ७४,०००.

आता शिक्षक भावाचं बघा. त्यानं सांगितलेले अठ्ठावन्न हजार हे खात्यात जमा झालेले. घर दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाचा पतसंस्थेचा १२,०००चा हप्ता पगारातूनच कापला जातो. तो मिळवला की झाले सत्तर हजार. निवृत्तीची कपात दोघांचीही आधीच झालेली. पंगतीत लाख आणि अठ्ठावन्न हजार असा दिसलेला फरक आजच्या कराच्या हिशेबानं खरं तर चार हजारांचा आहे. पॅकेजवाला भाऊ पुण्यात भाड्याच्या घरात राहतो, हे तर मी धरलंच नाही. त्यालाही त्या दिवशी अवघडल्यासारखं झालं होतं, कारण त्या वर्षीची कामगिरीची रक्कम त्याला मिळालीच नव्हती. तो ते कोणाला बोलला नाही.

हा प्रश्न परक्यानं विचारला तर इतका लागत नाही. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली मांडलं होतं की स्वतःला मोजायला ठोस माप नसलं की माणूस आपल्यासारख्याच माणसांकडे बघतो. आता चुलत-मावस भावंडांहून आपल्यासारखं कोण असणार? एकाच अंगणात वाढलेली, एकाच वयाची. शहरातल्या अनोळखी श्रीमंताचा हेवा फार वेळ टिकत नाही; चुलतभावाचा आकडा रात्री झोपू देत नाही.

पण पगाराचा निदान हिशेब तरी मांडता येतो. वहिनीला विचारला जायचा तो प्रश्न वेगळा होता. "गोड बातमी कधी?" लग्नाला सात वर्षं झाली होती, उपचार चालू होते. गर्भाशयात भ्रूण सोडल्यानंतर साधारण बारा-चौदा दिवसांनी रक्ततपासणी करतात. त्यांची तपासणी त्या गौरींच्या आदल्या आठवड्यात झाली होती आणि काही राहिलं नव्हतं. शाळेचं काम सांगण्यामागे हेही होतं.

गेल्या वर्षी मी आधीच आत्याला फोन केला. वहिनीच्या परवानगीनं थोडंसंच सांगितलं. आत्या गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, मी तर मायेनंच विचारायचे. ते नाही विचारायचं, तर तिच्याशी बोलू काय?" तिचा प्रश्न खरा होता. वर्षातून एकदा भेटणाऱ्या माणसाबद्दल आपल्याला दुसरं काही माहीतच नसतं. मी म्हटलं, "आत्या, ती साडी फार सुरेख नेसवते."

काकांना मी वरचा हिशेब कागदावर लिहून दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

गौरी आवाहनाच्या दुपारी दोघं आले. वहिनी उंबऱ्यातच थबकली. आत्या आतून म्हणाली, "ये गं, या निऱ्या मला मेल्या जमतच नाहीत. मोठीला तू नेसव." वहिनीनं पर्स खुंटीला अडकवली, पदर खोचला आणि गौरीसमोर बसली. संध्याकाळपर्यंत त्या दोघींचा आवाज आतल्या खोलीतून येत होता.