शब्दसाखळी: मागच्याचे शेपूट, पुढच्याचे तोंड

श्रोतेहो, नमस्कार. जवळ कागद आणि पेन्सिल असेल तर घ्या, कारण आज जे सांगायचे आहे ते लिहिताना जास्त चांगले कळेल. विषय आहे जोडशब्दांच्या साखळीचा. माहेरघर, घरजावई, जावईशोध. पहिल्या शब्दाचा उत्तरार्ध दुसऱ्याच्या सुरुवातीला येतो, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या. व्याकरणात समासाच्या पहिल्या भागाला पूर्वपद म्हणतात आणि दुसऱ्याला उत्तरपद. म्हणजे खेळाचा नियम एका वाक्यात सांगता येतो: मागच्या शब्दाचे उत्तरपद ते पुढच्या शब्दाचे पूर्वपद.

हे अंताक्षरीपेक्षा बरेच कडक आहे. अंताक्षरीत शेवटचे एक अक्षर जुळले की भागते. इथे अख्खे पद जुळावे लागते, आणि तेही त्याच अर्थाचे. उदाहरणार्थ, माहेरपण हा शब्द घ्या. त्यातल्या ‘पण’वरून कोणी पणजोबा म्हटले, तर अक्षरे जुळली, पण साखळी जुळली नाही. माहेरपणातला ‘पण’ हा प्रत्यय आहे, पणजोबातला ‘पण’ नाते एक पिढी मागे नेणारा उपसर्ग. दोन्ही स्वतंत्रपणे उभे राहू शकत नाहीत. म्हणून पहिली चाचणी अशी करावी: शब्दाचे दोन तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा एकटा उच्चारून पाहा. तो एकटा अर्थ देतो का? घर देतो, शोध देतो. गाडीवान शब्दातला ‘वान’ देत नाही, घरकुल शब्दातला ‘कुल’ही त्या अर्थाने एकटा उभा राहत नाही. असे शब्द साखळीत आले की तिथेच अडायला होते.

थोडा वादाचा मुद्दा म्हणजे एकाच रूपाचे दोन शब्द. आयकर आणि करकमल. पहिल्यातला कर म्हणजे सरकारला द्यायचा, दुसऱ्यातला म्हणजे हात. काही जणांना अशी उडी गमतीची वाटते. माझे मत विचाराल तर कोडे घालणाऱ्याने ती आधी जाहीर केली तरच चालवावी, नाहीतर सोडवणाऱ्याला फसवल्यासारखे होते.

आता मराठीपुरती एक अडचण पाहू, कारण बहुतेक भांडणे तिथेच होतात. मराठीत तेच पद शेवटी वेगळे लिहिले जाते आणि सुरुवातीला वेगळे. महाकवी लिहिताना ‘वी’ दीर्घ, कविसंमेलन लिहिताना ‘वि’ ह्रस्व. कलाकृतीत ‘ती’ दीर्घ, कृतिपत्रिकेत ‘ति’ ह्रस्व. प्रधानमंत्री दीर्घ, मंत्रिमंडळ ह्रस्व. ही चूक नव्हे, लेखनाचा नियमच आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, मुळात ह्रस्व इकार किंवा उकार असलेले शब्द मराठीत शेवटी दीर्घ लिहितो. पण तेच समासात पूर्वपदी आले की मुळाप्रमाणे ह्रस्व ठेवतो. मंत्री, पक्षी, विद्यार्थी हे मूळ संस्कृतात ‘इन्’ने संपणारे शब्दही पूर्वपदी ह्रस्व होतात, म्हणून पक्षिमित्र. उलट नदी, देवी, वधू हे मुळातच दीर्घ आहेत, म्हणून नदीपात्र आणि वधूवर दीर्घच राहतात.

मग साखळीत कलाकृतीनंतर कृतिपत्रिका चालते का? चालते, आणि चाललीच पाहिजे. पद तेच आहे, फक्त वेलांटी बदलली. रानफूल आणि फुलबाग यांनाही हाच न्याय. पण घोडा या पदावरून घोडदौड, किनारा या पदावरून किनारपट्टी असे घेऊ लागलात, तर शेवटचा आकारच गळून जातो. इथे मी रेघ ओढतो. फक्त ह्रस्वदीर्घ बदलले तर मान्य, स्वर गळला तर अमान्य. ही रेघ खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांना सांगून ठेवा, मग मध्येच वाद होत नाहीत.

संधी झालेले शब्द मात्र सरळ बाजूला ठेवावेत. महोत्सव फोडला की उत्सव मिळतो आणि त्यावरून उत्सवमूर्ती येते, हिशेब बरोबर आहे. पण ऐकणाऱ्याच्या कानावर ‘उत्सव’ पडतच नाही, ‘होत्सव’ पडते. तोंडी खेळात ती गाठ सुटत नाही.

आता कोडे म्हणून ही साखळी कशी मांडतात ते पाहू. पूर्ण शब्द लिहायचे नाहीत, फक्त पदे लिहायची. पहिले आणि शेवटचे पद द्यायचे, मधल्या प्रत्येकाची अक्षरसंख्या द्यायची. अक्षरे मोजताना जोडाक्षर एकच धरायचे, काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या नाहीत, अनुस्वारही नाही. निबंध म्हणजे नि, बं, ध, तीन अक्षरे. आठ शब्दांच्या साखळीत पदे नऊ येतात, कारण शेजारच्या दोन शब्दांत एक पद सामाईक असते. एकदा आलेले पद पुन्हा वापरायचे नाही, नाहीतर साखळी गोल फिरते.

लिहून घ्या. पहिले पद माहेर. मग क्रमाने दोन अक्षरे, तीन, दोन, तीन, तीन, दोन, दोन. शेवटचे पद पत्रिका.

सुरुवात सोपी आहे. माहेर आणि पुढे दोन अक्षरी पद: घर. घराच्या पुढे तीन अक्षरे. इथे फाटे फुटतात. घरसंसार, घरमालक, घरजावई, तिन्ही बसतात. समजा संसार घेतला. पुढे दोन अक्षरे: संसारसुख. मग तीन: सुखसागर. पुन्हा तीन: सागरकिनारा. आतापर्यंत सगळे छान. आता किनारा आणि दोन अक्षरी पद हवे, आणि डोक्यात येतो तो किनारपट्टी. आकार गळला. ही वाट पाच पावले चालून बंद झाली.

म्हणून सोडवणाऱ्याने एकाच टोकाकडून रेटत जाऊ नये. दुसऱ्या टोकाला जा. पत्रिकेच्या आधी दोन अक्षरे काय येतील? लग्न, जन्म, प्रश्न, मत, शोध, कृती. ही यादी छोटी आहे, आणि तीच खरी मदत करते. प्रत्येकाच्या मागे आणखी दोन अक्षरे लावून पाहा. यक्षप्रश्न जमतो, पण यक्षाच्या मागे तीन अक्षरी पद काही लागत नाही. बाललग्न जमते, तिथेही तीच गत. कलाकृती जमते, आणि कलेच्या मागे तीन अक्षरे लेखनकला देते. आता दोन्ही टोके जवळ येतात: निबंधलेखन, शोधनिबंध, जावईशोध, घरजावई. साखळी पुरी झाली. माहेर, घर, जावई, शोध, निबंध, लेखन, कला, कृती, पत्रिका.

झाले का काम? सोडवणाऱ्याचे झाले, घालणाऱ्याचे नाही. कारण याच अक्षरसंख्येत दुसरे उत्तरही बसते. ऐका: माहेरघर, घरमालक, मालकलोक, लोकसंगीत, संगीतरसिक, रसिकजन, जनमत, मतपत्रिका. मोजून पाहा. दोन, तीन, दोन, तीन, तीन, दोन, दोन. तंतोतंत. यात कच्चा दुवा एकच, तो मालकलोक. बोलण्यात असे आपण म्हणतो, पण तिथे ‘लोक’ नुसते अनेकवचन दाखवतो. परीक्षक कडक असेल तर तो हा शब्द नाकारेल, पण नाकारताना उत्तर देणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा होईल.

दुसरे उत्तर का शिरले तेही बघा. लोक, जन, घर, शास्त्र, पत्र ही फार मिळूनमिसळून राहणारी पदे आहेत. त्यांच्या मागेपुढे डझनावारी शब्द लागतात. साखळीत अशी पदे जितकी जास्त, तितक्या पळवाटा जास्त. उलट जावई हे पद पाहा. त्याच्या मागे ‘घर’ आणि पुढे ‘शोध’, याहून फारसे काही लागत नाही. असे चिंचोळे पद साखळीला एका वाटेने जायला भाग पाडते. म्हणून घालणाऱ्याने कोडे सुरुवातीच्या शब्दापासून रचू नये. आधी असे एखाददुसरे चिंचोळे पद शोधावे आणि तिथून दोन्ही बाजूंना वाढत जावे. मात्र सगळीच पदे चिंचोळी घेतलीत तर सोडवणारा तिसऱ्या पावलालाच हात टेकेल. आठ शब्दांत अशी दोन पुरेत.

आणि तरीही फाटा उरला, तर एक सूचक वाक्य द्यावे, तेही फाटा फुटतो नेमक्या त्याच जागी. आपल्या कोड्यात तिसऱ्या शब्दासाठी एवढे म्हटले की ‘लावणाऱ्याला मोठा वाटतो, ऐकणाऱ्याला हसू येते’, की जावईशोध पक्का होतो आणि मालकलोक आपोआप बाहेर पडतात. सूचक वाक्य शेवटच्या शब्दांसाठी दिले असते तर फुकट गेले असते, कारण चुकीच्या वाटेने गेलेला माणूस तिथवर पोचेपर्यंत त्याने अर्धा तास घालवलेला असतो.

घालणाऱ्यासाठी कामाची सोय म्हणजे वहीचे पान उभे दुमडणे. डावीकडे पूर्वपदे, उजवीकडे उत्तरपदे. जोडशब्द सुचला की फोडून दोन्हीकडे लिहायचा. जे पद दोन्ही बाजूंना दिसते तेवढेच साखळीत मधे बसू शकते. पानभर शब्द झाले की कळते, ‘पाखरू’ फक्त उजवीकडे आहे, ‘महा’ फक्त डावीकडे. पाखरू शेवटाला ठेवता येईल, मधे नाही.

आता एक तुमच्यासाठी. सात शब्द, आठ पदे. पहिले पद हात. मग दोन अक्षरे, दोन, तीन, दोन, चार, दोन. शेवटचे पद कोश. तीन अक्षरी पद कायद्याच्या कागदावर भेटते, आणि चार अक्षरी पद आधीच्या दोन अक्षरी पदाला जोडले की टपालाचे काम होते. हातपाय आणि मग पायवाट, इथवर सहज जाल. पण वाटेच्या पुढे तीन अक्षरे लागतात. तिथे वाटसरू सुचेल, पण त्यातला ‘सरू’ दोनच अक्षरांचा, आणि तो तुम्हाला पुढेही कुठेच नेणार नाही. तेव्हा हातापासून पायाकडे वळूच नका.