शेडचा खांब कुठल्या बाजूने जातो? दाब आणि मोमेंट यांची एकत्र तपासणी

(रत्नागिरीत तरुण स्थापत्य अभियंते आणि फॅब्रिकेटर यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आपल्या किनाऱ्यावर मासळी उतरवायची जागा असो, आंब्याचं पॅकिंग असो की बर्फाचा कारखाना, शेड बहुधा एकाच पद्धतीची असते. पोलादी पोर्टल फ्रेम, वर पत्रा, बाजूला अर्धवट पत्रा किंवा काहीच नाही. आज आपण पूर्ण शेड बघणार नाही. फक्त एक खांब घेऊ आणि त्याच्यावर दाब आणि मोमेंट एकाच वेळी आले की तो टिकतो का, एवढंच तपासू.

खांब आहे आयएसएमबी 300, उंची 5 मीटर, पाया पिन प्रकारचा. म्हणजे बेसप्लेट आणि बोल्ट आहेत, पण आपण तिथे मोमेंट धरत नाही. वरच्या टोकाला राफ्टर घट्ट जोडलेला आहे. पोलाद 250 मेगापास्कलचं. भारगुणक लावून झाल्यावर खांबावर 150 किलोन्यूटन दाब येतो आणि वरच्या टोकाशी 60 किलोन्यूटन-मीटर मोमेंट येतो. पायाशी मोमेंट शून्य. मोमेंट फक्त मोठ्या अक्षाभोवती आहे, म्हणजे वेबच्या प्रतलात, शेडच्या रुंदीच्या दिशेने.

बऱ्याच हिशोबांमध्ये पुढची पायरी अशी असते. छेदाची दाब घ्यायची ताकद 1279 किलोन्यूटन, मोमेंट घ्यायची ताकद 148. मग 150 भागिले 1279 म्हणजे 0.12, आणि 60 भागिले 148 म्हणजे 0.41. बेरीज 0.53. खांब निम्म्याच ताकदीवर चालला आहे असं वाटतं. सडपातळपणाही बघितला जातो: 5000 मिमी भागिले लहान अक्षाची रेडियस ऑफ जायरेशन 28.4 मिमी म्हणजे 176, मर्यादा 180, तोही पास. फाईल बंद.

हा खांब पास नाही. वरची बेरीज चुकीची नाही, पण ती फक्त एका छेदाची आहे: टोकाशी पोलाद यील्ड होतं का, एवढंच ती सांगते. मधला 5 मीटरचा तुकडा बाक धरतो का, हे तिला माहीतच नसतं. त्यासाठी आयएस 800 : 2007 च्या कलम 9.3 मध्ये दोन समीकरणं आहेत आणि दोन्ही पाळावी लागतात. लहान अक्षाभोवती मोमेंट नसेल तर ती एवढीच उरतात:

```
P/Pdy + K_LT · Mz/Mdz ≤ 1.0
P/Pdz + Kz · Cmz · Mz/Mdz ≤ 1.0
```

यात P म्हणजे खांबावरचा दाब, Pdy आणि Pdz म्हणजे लहान आणि मोठ्या अक्षाभोवतीची बकलिंग ताकद, Mz म्हणजे मोमेंट आणि Mdz म्हणजे मोमेंट घ्यायची ताकद. K_LT, Kz आणि Cmz हे गुणक आहेत. पहिलं समीकरण नीट बघा. मोमेंट मोठ्या अक्षाचा आहे, पण दाबाचा भागाकार लहान अक्षाच्या बकलिंग ताकदीने केला आहे. पुष्कळांचं इथेच चुकतं. त्यांना वाटतं, वाकतोय मोठ्या अक्षाभोवती, मग लहान अक्षाचा संबंध काय? संबंध असा, की खांबाला वाकवायचं काम रुंदीच्या दिशेने चालू असलं तरी निसटायची वाट त्याला शेडच्या लांबीच्या दिशेने सोपी असते. मोमेंटमुळे एका फ्लँजवर जादा दाब येतो. ती फ्लँज स्वतः एक पातळ, लांब खांबच असते. ती बाजूला सरकते आणि सगळा छेद पिळत जातो.

आता आकडे घालू. लांबीच्या दिशेने खांबाचं वरचं टोक ब्रेसिंगने धरलेलं आहे, मध्ये काहीच नाही, म्हणून प्रभावी लांबी पूर्ण 5 मीटर. आयएसएमबीसाठी लहान अक्षाला बकलिंगचा ‘ब’ वक्र लागतो. त्याने ताकद येते अवघी 272 किलोन्यूटन, छेदाच्या 1279 समोर. रुंदीच्या दिशेला फ्रेम डुलते आणि पाया पिन आहे, म्हणून प्रभावी लांबी मी 2.4 पट, म्हणजे 12 मीटर धरली आहे. तरीही तिथे ताकद 769 किलोन्यूटन येते. 12 मीटरची दिशा 5 मीटरच्या दिशेपेक्षा जवळजवळ तिप्पट बळकट! आय-छेदाचा हा स्वभाव आहे.

मोमेंटची ताकदही 148 राहत नाही. 5 मीटर न धरलेल्या लांबीवर पिळून वाकण्याचा हिशोब केला, तर ती 66 किलोन्यूटन-मीटरवर येते. आता पहिलं समीकरण: 150 भागिले 272 म्हणजे 0.55. मोमेंटचा भाग 60 भागिले 66 म्हणजे 0.91, त्याला गुणक 0.84, म्हणजे 0.77. बेरीज 1.32. दुसरं समीकरण: 150 भागिले 769 म्हणजे 0.195, अधिक Kz 1.156 गुणिले Cmz 0.9 गुणिले 0.91, म्हणजे 1.14. दोन्हीत नापास. तोच खांब, तोच भार, आणि छेदाच्या तपासणीत 0.53.

यातल्या दोन गुणकांवर थोडं थांबायला हवं, कारण हात तिथेच घसरतो.

पहिला म्हणजे पहिल्या समीकरणातला K_LT. सूत्रातून तो 0.79 येतो. पण त्याच ओळीत पुढे खालची मर्यादा दिलेली आहे आणि ती 0.84 निघते. सूत्राचं उत्तर त्याखाली गेलं की मर्यादाच घ्यायची. स्प्रेडशीट बनवणारा ही ओळ अर्धीच टाइप करतो आणि मग वर्षानुवर्षं तीच शीट हातोहात फिरते. तुमच्याकडे अशी शीट असेल तर आज घरी जाऊन या एका खान्याचं सूत्र उघडून बघा. आपल्याच खांबाचे आकडे घाला. 0.84 नाही आलं, तर ती ओळ अपुरी आहे.

दुसरा म्हणजे Cmz. पायाशी मोमेंट शून्य, वर 60, म्हणजे त्रिकोणी मोमेंट. तक्त्यातून याचा गुणक 0.6 निघतो आणि तो घ्यायचा मोह होतो. 0.6 घेतला की दुसरं समीकरण 0.83 होतं आणि सुटतं. पण ही फ्रेम बाजूला डुलणारी आहे आणि डुलणाऱ्या फ्रेमला संहिता सरळ 0.9 घ्यायला सांगते. कारण साधं आहे. फ्रेम एका बाजूला सरकली की दाब त्या सरकलेल्या अंतराने नवा मोमेंट तयार करतो. न डुलणाऱ्या खांबात मोमेंट त्रिकोणी असल्याचा जो फायदा मिळतो, तो इथे मिळत नाही. पहिल्या समीकरणातला गुणक काढताना मात्र 0.6 चालतो, कारण तिथे लांबीच्या दिशेला टोकं धरलेली आहेत.

आता उपाय. जड छेद घेणं हा पहिला विचार असतो, पण मला तो शेवटचा वाटतो. खांबाच्या मध्यावर, 2.5 मीटरवर, लांबीच्या दिशेने एक टेकू द्या. लहान अक्षाची लांबी निम्मी झाली की ताकद 272 वरून 771 किलोन्यूटन होते. मोमेंटची ताकद 66 वरून 116 होते. वरच्या अर्ध्या भागात मोमेंट 30 पासून 60 पर्यंत आहे, त्यामुळे पहिल्या समीकरणाचा गुणक 0.97 होतो. बेरीज: 0.195 अधिक 0.50, म्हणजे 0.70. दुसरं समीकरण 0.74. दोन्ही सुटली. खांबात एक किलोही पोलाद वाढलं नाही.

पण टेकू कसा आहे, यावर हे सगळं अवलंबून आहे. बाजूच्या पत्र्यासाठी आपण गर्ट लावतो, तो बसतो बाहेरच्या फ्लँजवर. पत्र्याच्या आणि छपराच्या वजनाने वरच्या कोपऱ्याशी दाब येतो आतल्या फ्लँजवर. म्हणजे जी फ्लँज बाजूला पळणार आहे तिला गर्टचा हात लागतच नाही. गर्टपासून आतल्या फ्लँजपर्यंत एक तिरपा अँगल द्यावा लागतो, त्याला आपण फ्लाय ब्रेस म्हणतो. वाऱ्याने छप्पर वर उचललं की मोमेंटची दिशा उलटते आणि दाब बाहेरच्या फ्लँजवर येतो. तेव्हा गर्ट एकटा कामाला येतो. म्हणून दोन्ही फ्लँजा धरलेल्या हव्यात, आणि प्रत्येक भारसंयोग वेगळा तपासायला हवा: जास्तीत जास्त दाब आणि जास्तीत जास्त मोमेंट नेहमी जोडीने येत नाहीत.

टेकूवर किती जोर येतो? संहिता दाबातल्या फ्लँजच्या बलाच्या 2.5 टक्के धरते. 60 चा मोमेंट 288 मिमी अंतरावर वाटला की फ्लँजमध्ये सुमारे 209 किलोन्यूटन. मी त्यात अक्षीय दाबाचा अर्धा वाटा मिळवतो, 75. एकूण 284, त्याचे 2.5 टक्के म्हणजे 7 किलोन्यूटन. जोर लहान आहे. साधा अँगल आणि दोन बोल्ट पुरतात. पण तो कुठेतरी पोचायला हवा. गर्टची ओळ ब्रेसिंग असलेल्या गाळ्यात जाऊन घट्ट बांधलेली नसेल, तर सगळे खांब एकमेकांचा हात धरून एकाच दिशेने झुकतात. टेकू दिसतो, पण तो टेकू नसतो. पत्र्यावर तर हा भरवसा ठेवूच नये. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं तेव्हा किती पत्रे उडाले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पत्रा गेला तरी खांब उभा राहायला हवा.

आता गंजाबद्दल, कारण आपल्याकडे तो हिशोबातच घ्यावा लागतो. समजा खांबाच्या सर्व पृष्ठांवरून 1 मिमी पोलाद गेलं. फ्लँज 12.4 मिमीची 10.4 होते, वेब 7.5 ची 5.5. क्षेत्रफळ आणि लहान अक्षाचा जडत्व-घूर्ण दोन्ही जवळजवळ 20 टक्क्यांनी कमी होतात. त्यामुळे सडपातळपणा तितकाच राहतो, पण ताकद तेवढ्याच प्रमाणात खाली येते. टेकू असलेल्या आपल्या खांबाचं दुसरं समीकरण 0.74 वरून सुमारे 0.96 वर जातं. अजून पास, पण हातात काही उरत नाही. आणि टेकू नसलेला खांब तर नवा असतानाच 1.32 वर होता.

सगळ्यात जास्त गंज पायाशी असतो, जिथे मासळी धुतलेलं खारं पाणी साचतं. पिन पायाच्या खांबात तिथे मोमेंट जवळजवळ नसतो, म्हणून खालच्या हातभर उंचीतला गंज बकलिंगच्या समीकरणाला फार धक्का देत नाही. तिथे छेदाची साधी दाब-तपासणी आणि बोल्टांची तपासणी करा. पाया पक्का धरलेला असेल, तर मात्र मोमेंट तिथेही मोठा असतो आणि तोच गंज थेट हिशोबात येतो. म्हणून जुनी शेड तपासताना जाडी मोजण्याआधी पाया कुठल्या प्रकारचा आहे, ते विचारा.

आणि एक गोष्ट प्रत्यक्ष जागेवर बघा. मालकाला टेम्पो आत घ्यायचा असतो, मग मधला गर्ट कापला जातो, सोबत फ्लाय ब्रेसही. हिशोबात तो खांब त्याच क्षणी 0.74 वरून 1.32 वर गेलेला असतो. वाट मोकळी करायचीच असेल, तर आधी दुसऱ्या बाजूच्या गाळ्यातली गर्टची ओळ ब्रेसिंगपर्यंत अखंड आहे का, ते बघा आणि त्या बाजूने आतल्या फ्लँजला नवा अँगल बोल्टने जोडा. तो लागला की मगच जुना कापा. दोन्ही बाजूंना वाट हवी असेल, तर टेकू देता येणार नाही. तिथे 5 मीटर मोकळा खांब धरून पुन्हा हिशोब करावा आणि रुंद फ्लँजचा छेद घ्यावा.