"काम आवडलं असेल तर चार लोकांना सांगा" या मेसेजवर नुसता अंगठा का येतो

नमस्कार. आज समोर बसलेले बरेचसे मॉड्युलर किचनवाले, फर्निचरवाले, वॉटरप्रूफिंगवाले आहेत, म्हणून मी उदाहरणही किचनचंच घेते, उगाच सगळ्या धंद्यांवर फिरत बसत नाही.

काम संपलं, शेवटचं पेमेंट आलं, की आपण सगळे एक मेसेज टाकतो. "ताई, तुमच्याकडे काम करून छान वाटलं, काम आवडलं असेल तर रिव्ह्यू द्या आणि चार लोकांना आमचं नाव सांगा." तिकडून येतं "हो नक्की" आणि एक अंगठा. मग काहीच नाही. महिना जातो, दोन महिने जातात, आणि आपण म्हणतो लोकांना कामापुरतीच ओळख असते. मला हे अजिबात पटत नाही. त्या ताई खरंच खूश असतात, "नक्की" म्हणतानाही त्यांना मनापासूनच म्हणायचं असतं. अडतं ते पुढे.

आता त्यांच्या बाजूने बघा ना. रात्री साडेनऊ, भांडी आवरलीत, उद्याच्या डब्याची भाजी निवडायची आहे, हातात फोन. तुमचा मेसेज दिसला. रिव्ह्यू द्यायचा म्हणजे नेमका कुठे, गुगलवर की फेसबुकवर की व्हॉट्सॲपलाच उत्तर द्यायचं? मराठीत लिहू की इंग्लिशमध्ये, दोन ओळी चालतील की मोठं लिहायला पाहिजे, "छान काम" लिहिलं तर फारच कोरडं दिसेल का? आणि चार लोक म्हणजे कोण? "चार लोक" म्हटलं की एकही चेहरा डोळ्यासमोर येत नाही. त्यात अजून एक गोष्ट असते जी कोणी तोंडाने बोलत नाही, ती म्हणजे मी नाव सांगितलं आणि नणंदेच्या घरी काम बिघडलं तर ऐकून मला घ्यावं लागेल. म्हणजे तुम्ही एक ओळ टाकलीत आणि पाच-सहा निर्णय त्यांच्या अंगावर टाकलेत. त्या फोन खाली ठेवतात, उद्या निवांत लिहू म्हणतात, आणि तो उद्या येत नाही.

यावर एक जुना प्रयोग आहे, मला तो फार आवडतो. १९६५ साली अमेरिकेत येल विद्यापीठात लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहिती दिली आणि कॉलेजच्या दवाखान्यात लस मोफत आहे असं सांगितलं. काहींना भयंकर फोटो वगैरे दाखवून चांगलंच घाबरवलं. लस घ्यायला पाहिजे हे त्यांना पटलंसुद्धा, पण नुसतं पटलेल्यांपैकी प्रत्यक्ष गेले जेमतेम ३ टक्के. दुसऱ्या गटाला तीच माहिती, फक्त सोबत कॅम्पसचा नकाशा, त्यात दवाखान्यावर खूण, आणि आपलं आठवड्याचं वेळापत्रक बघून कधी जाणार ते ठरवा असं सांगितलं. तिथे साधारण २८ टक्के गेले. आता शेवटच्या वर्षाच्या मुलांना दवाखाना कुठे आहे हे काय माहीत नसणार? इच्छा होती, पत्ता माहीत होता, कमी होतं ते फक्त कधी आणि कसं. आपल्या ताईंची अडचण हीच आहे, आणि आपण मात्र त्यांची इच्छा वाढवायच्या मागे लागतो, सणाला मिठाई पाठवतो, परत "रिव्ह्यू राहिला हं ताई" म्हणतो.

मग नेमकं मागायचं म्हणजे कसं, ते एका किचनवरून सांगते. रावेतमधला टू बीएचके, एल शेपचा ओटा, खाली सगळ्या ट्रॉल्या, वर शटर. हे काम करणारा मुलगा माझ्याकडे सल्ल्याला येतो. त्याला मी पहिली गोष्ट सांगितली की हँडओव्हरच्या दिवशी काही मागू नकोस. त्या दिवशी घरात प्लायचा भुसा असतो, शेवटच्या हप्त्याचा विषय चालू असतो, आणि मुख्य म्हणजे त्या किचनमध्ये अजून एकदाही कुकर लागलेला नसतो. मग त्या बोलणार कशाबद्दल? फार तर लॅमिनेटच्या रंगाबद्दल. दोन-तीन आठवडे जाऊ दे. तोपर्यंत ट्रॉल्यांमध्ये खरी भांडी भरली जातात, वजन येतं, एखादं शटर किंचित खाली उतरतं, एखादा ड्रॉवर घासायला लागतो. तेव्हा त्यांनी फोन करायच्या आधी तूच जा, बिजागऱ्यांचे स्क्रू फिरवून शटर लेव्हलला आण आणि मग तिथेच ओट्याजवळ उभा राहून विचार.

काय विचारायचं? "फीडबॅक द्या" नाही. दोनच प्रश्न. "ताई, काम द्यायच्या आधी तुम्हाला सगळ्यात जास्त धाकधूक कशाची होती?" आणि "आता रोजच्या कामात काय बदललं, एखादीच गोष्ट सांगा." वर एवढंच म्हणायचं की लिहायचं काही नाही, तुम्ही बोला, मी फोनवर रेकॉर्ड करू का, उतरवून मीच पाठवतो, तुम्ही वाचून हो म्हणालात तरच वापरीन.

ताई काय बोलल्या माहितीये? त्या म्हणाल्या की आधीच्या घरी कुकर ओट्याखाली मागच्या बाजूला असायचा, काढायला खाली बसायला लागायचं, सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्या कुकरला हातच लावायच्या नाहीत, आता ट्रॉली ओढली की कुकर पुढे येतो, आणि सासूबाई स्वतः सकाळी वरण-भात लावतात. आणि हेही म्हणाल्या की काम सांगितल्यापेक्षा चार दिवस उशिरा झालं पण उशीर होणार हे आधी फोन करून कळवलं होतं.

बघा, "अप्रतिम काम, चोख व्यवहार" हे वाक्य कुठल्याही कामाला चालतं म्हणूनच ते कोणी वाचत नाही. सासूबाईंचा कुकर मात्र ज्या घरात गुडघेदुखी आहे त्या घरातली बाई थांबून वाचणार. आणि तो चार दिवसांचा उशीर काढून टाकायचा मोह होतो, त्या मुलालाही झाला, मी त्याला म्हटलं राहू दे, त्याच्यामुळे बाकीचं खरं वाटतं. तुम्ही फक्त अडखळलेले शब्द काढायचे, कौतुक स्वतःच्या मनाने वाढवायचं नाही. उतरवलेलं परत पाठवताना परवानगीही नेमकीच मागायची, "नाव पूर्ण टाकू की फक्त आडनाव? किचनचा फोटो टाकला तर चालेल का?" असं. "वापरू ना?" एवढंच विचारलं तर उद्या सोसायटीच्या ग्रुपवर आपला फोटो बघून त्या नाराज होतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

मग तोच मजकूर गुगलसाठी. तुमच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये Ask for reviews असं दिसतं, तिथे तुमची लिंक मिळते, ती दाबली की थेट रिव्ह्यूचा चौकोन उघडतो. मजकूर आणि लिंक वेगवेगळ्या मेसेजमध्ये पाठवायचं, म्हणजे मजकूर सरळ कॉपी करता येतो, आणि सोबत लिहायचं, "बदलावंसं वाटलं तर जरूर बदला." रिव्ह्यू त्यांच्याच फोनवरून, त्यांच्याच अकाउंटवरून. त्याच्या बदल्यात डिस्काउंट, फ्री चिमणी सर्व्हिस असलं काही द्यायचं नाही, गुगलच्या नियमात ते बसत नाही, आणि फक्त खूश लोकांनाच लिंक पाठवायची, नाराजांना टाळायचं, हेही बसत नाही. नाराज माणसालाही तेच दोन प्रश्न विचारा, कुठे चुकतंय ते तिथेच कळतं.

आता रेफरल. हे त्याच दिवशी मागू नका, एका भेटीत दोन मागण्या झाल्या की दोन्ही अर्धवट राहतात. आठ-दहा दिवसांनी मेसेज करा, आणि मेसेजमध्ये माणूस दिसला पाहिजे. त्या मुलाने पाठवलेला असा होता: "ताई, तुमच्या सी विंगमध्ये आत्ता ज्यांना ताबा मिळतोय, त्यांच्यात तुमच्या ओळखीच्या कोणाचं किचन अजून ठरायचं आहे का? एक नाव आठवलं तरी खूप झालं. नंबर मला देऊ नका, खालचा मेसेज त्यांना फॉरवर्ड करा, त्यांना वाटलं तर ते करतील फोन. कोणी आठवत नसेल तर तसं सांगा, काही हरकत नाही."

यात प्रत्येक शब्दाला काम आहे. "सी विंग, आत्ता ताबा" म्हटल्यावर लिफ्टमध्ये भेटलेलं ते नवं जोडपं लगेच आठवतं. "एक नाव" याचंही कारण आहे. १९७६ मध्ये चाल्डिनी आणि श्रोडर यांनी कॅन्सर सोसायटीसाठी दारोदारी वर्गणी मागताना काही घरांत नुसतं "एक पैसाही चालेल" अशा अर्थाचं वाक्य जोडलं, तर देणारे साधारण २९ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले, आणि दिलेली रक्कमही कमी झाली नाही. मागणं लहान झालं की नाही म्हणायला कारण उरत नाही. नंबर न मागण्याचं कारण तर सरळ आहे, दुसऱ्याचा नंबर विचारल्याशिवाय द्यायला कोणालाच आवडत नाही, आणि द्यायचा नाही हे तोंडावर सांगायलाही जड जातं, म्हणून गप्प बसतात.

खाली फॉरवर्ड करायचा मेसेज तुम्हीच लिहून द्यायचा, ताईंच्या बोलण्यात: "आमचं किचन यांनी केलं. आमच्याकडे बघायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी या. यांचा नंबर हा." तीन वाक्यं, बस्स. शनिवारचं मात्र ताईंना आधी विचारून घ्या. आणि यामुळे ती नाव खराब व्हायची भीती पण कमी होते, कारण ताई "हाच माणूस घ्या" म्हणत नाहीत, "येऊन बघा" म्हणतात, ठरवणारे ते.

उत्तर कसं ओळखायचं? "हो नक्की, सांगते" म्हणजे बहुतेक वेळा काही होत नाही. "थांबा, ते सातशे तीनवाले विचारत होते" म्हणजे काम झालं. पहिलं उत्तर आलं तर आठवड्याने एकदाच आठवण करा, तीही अजून सोपं करून, "मेसेज परत पाठवू का?" एवढीच. त्यापुढे नाही.

इथे कोणी सीए किंवा वकील असतील तर त्यांनी हे जसंच्या तसं उचलू नका, तुमच्या संस्थांच्या आचारसंहितेत अशिलांकडे अशी कामं मागण्यावर बंधन आहे, ते आधी बघा. आणि ज्या घरात ट्रॉली आठवडाभर अडकते आहे आणि तुम्ही फोन उचलत नाही, तिथे मेसेज कितीही नेमका लिहा, काही उपयोग नाही, आधी जाऊन ट्रॉली दुरुस्त करा.

कमिशनबद्दल नेहमी विचारतात. ग्राहकाला पैसे देऊन नाव सांगायला लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे, सातशे तीनवाल्यांना ते कधी ना कधी कळतंच आणि मग ताईंचं खरं बोलणंही विकलेलं वाटतं. त्याऐवजी पुढे काय झालं ते ताईंना कळवत राहा. फोन आला की त्याच दिवशी ताईंना कळवा, माप घ्यायला कधी जाणार ते कळवा, काम नाही मिळालं तरी "त्यांनी दुसरीकडे दिलं, पण तुम्ही सांगितलंत म्हणून आभार" असं कळवा. आपण फॉरवर्ड केलेल्याचं पुढे काय झालं हे त्यांना माहीत असतं, मग डी विंगचा ताबा सुरू झाला की पुढचं नाव त्यांना विचारायला तुम्हाला अवघड वाटत नाही आणि सांगायला त्यांना.