गज थांबल्यानंतरचा कोमल गंधार

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या महिन्यात पूर्व भागातले माझे एक स्नेही जुनी कॅसेट घेऊन आले. कुणाच्या तरी घरच्या बैठकीचं ध्वनिमुद्रण. वेष्टणावर पेन्सिलीनं दोन रागांची नावं लिहिलेली, एका बाजूला भीमपलास, दुसऱ्या बाजूला पटदीप. गायकाचं नाव पुसट झालेलं आणि साथीला कोण, याचा पत्ताच नाही. स्नेही म्हणाले, "अहो, व्हायोलिन आहे. ताना बघा किती चपळ!" घरातल्या थोरल्या काकू मात्र ठाम होत्या, की सारंगीच आहे, कारण ती गळ्यासारखी गाते. दोघांचीही कारणं चांगली, पण दोन्ही फसवी. सारंगीवर चपळ ताना निघतात. आणि व्हायोलिन गळ्यासारखं गातं की नाही, हे ज्यांनी एन. राजम किंवा डी. के. दातार ऐकले आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. म्हणून एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणाऱ्या मींडेवरून निकाल लावायला मी कधीच जात नाही.

मी आधी ऐकतो ते तारांवर फिरणारा गज थांबल्यानंतरचं.

आपल्या गावात ज्यांचं लहानपण मागाच्या खटखटीत गेलं, त्यांना हे चटकन कळेल. आमच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग होते. माग सुरू होऊन त्यांचा एक ठरावीक वेग आला, की मांडणीवरचं एकच पितळी ताट गुणगुणायला लागायचं. शेजारचे पेले, डबे सगळे गप्प. वेग जरा बदलला, की ताट गप्प आणि एखादं झाकण बोलायचं. ज्या भांड्याचा स्वतःचा सूर बाहेरच्या कंपनाशी जुळतो, तेच वाजतं.

सारंगीच्या पोटात अशा साधारण 35 तारा असतात. आपण त्यांना तरफा म्हणतो. पोलाद-पितळेच्या बारीक तारा, गज त्यांना लागतच नाही. गज चालतो तो वरच्या तीन तातांवर, म्हणजे आतड्यापासून वळलेल्या जाड तारांवर. वादक बैठकीआधी खुंट्या पिळून तरफा रागाच्या स्वरांत लावतो. तातेवर कोमल गंधार वाजला, की खालची कोमल गंधाराची तरफ आपोआप थरथरते. गज उचलला की तात लगेच विझते, पण तरफ एखाद-दोन सेकंद चमकत राहते. चांदीच्या बारीक वाटीवर नख लागावं, तसा तो आवाज असतो.

आता व्हायोलिन. त्याला तरफा नाहीत, चारच तारा आहेत. पण इथेच भले भले फसतात, कारण व्हायोलिनही घुमतं. आपल्याकडे त्या चार तारा बहुतेक वेळा षड्ज-पंचमात लावतात. वादकानं एका तारेवर बोट दाबून षड्ज किंवा पंचम वाजवला, की बाजूची मोकळी तारही हुंकार देते. गज थांबल्यावर ती थोडी रेंगाळते आणि ऐकणारा म्हणतो, "तरफा ऐकू आल्या, सारंगीच!" शुद्ध गंधार आणि ऋषभ यांचंही थोडंफार असंच होतं, कारण षड्जाच्या तारेच्या सूक्ष्म स्वरांत शुद्ध गंधार असतो आणि पंचमाच्या तारेत ऋषभ. म्हणून परीक्षा घ्यायची ती कोमल स्वरावर. कोमल गंधाराला साथ देणारी मोकळी तार व्हायोलिनवर नसते. तानपुऱ्यातही तो स्वर लावलेला नसतो. त्यामुळे कोमल गंधारावर गज थांबला आणि तरीही तोच स्वर मागे चमकत राहिला, तर त्याला तरफेशिवाय दुसरा धनी सहसा सापडत नाही.

दोन्ही राग कोमल गंधाराचे निघाले, हे आमचं नशीब. हेडफोन लावून मी भीमपलास सुरू केला. गायक गात असताना काहीच कळत नाही, म्हणून जागा शोधावी लागते ती त्याच्या श्वासाची. गायक थांबतो आणि साथीदार त्याच्या ओळीचं शेपूट घेतो, तिथे. तिसऱ्या आवर्तनात ती सापडली. साथीदार मध्यमावरून कोमल गंधारावर उतरला आणि थांबला. तबल्याचा पुढचा ठोका पडेपर्यंत मागे एक बारीक रुपेरी रेघ स्पष्ट उरली होती.

तरी मी लगेच निकाल दिला नाही. खोलीच घुमत असेल किंवा मुद्रण करताना कुणी प्रतिध्वनी मिसळला असेल, तरी असं शेपूट येतं. पण खोली कुणाची जात बघत नाही. तिथे तबल्याचा 'ना'ही तसाच लांबतो आणि गायकाची खाकरही. मी नुसते 'ना' ऐकत बसलो. ते कोरडे होते, जागच्या जागी तुटत होते. म्हणजे ती रेघ खोलीची नव्हती.

मग दुसरा पुरावा पाहिला, गजाचा. स्वर कसा संपतो हे कळलं होतं, आता तो कसा सुरू होतो ते ऐकायचं. सारंगीचा गज जड असतो, वादक तो तळवा वर करून धरतो, आणि त्याचे राळ लावलेले घोड्याचे केस जाड तातेला पकडतात. म्हणून स्वर उमटायच्या आधी क्षणभर खरखर येते. दमदार माणूस बोलण्याआधी श्वास घेतो, तशी. शिवाय तारांना पेलणारी घोडी लाकडावर नाही, ताणलेल्या कातड्यावर उभी असते, त्यामुळे स्वराला नाकातला गोडवा येतो. डावी बोटंही तार दाबत नाहीत. नखाच्या मुळाशी जी कातडी असते तिचा स्पर्श तातेला बाजूनं होतो आणि बोट घसरत जातं. त्याकरता वादक बोटांना पावडर लावतात. बोट पट्टीवर आपटतच नसल्यानं तानेतले स्वरही एकमेकांत विरघळतात. व्हायोलिनवर बोटाचं टोक तार पट्टीवर दाबतं आणि प्रत्येक स्वराला बारीकशी कड येते. द्रुत तानेत ती कड मोत्यासारखी सुटी ऐकू येते.

आमच्या भीमपलासात खरखर होती, कड नव्हती. ती बाजू सारंगीची, काकू जिंकल्या.

पण पटदीप लावल्यावर मी दचकलो. पंचमावर गज थांबला की स्वर छान रेंगाळत होता आणि कोमल गंधारावर थांबला की कात्रीनं कापल्यासारखा संपत होता. स्वर सुरू होतानाचा श्वास नव्हता, तानेला कड होती. साथीदारच बदलला होता. ही बाजू व्हायोलिनची, म्हणजे स्नेहीही खोटे नव्हते.

एक सावधगिरी सांगतो. भोंग्यासमोर वाजवून भरलेल्या, 1925च्या आधीच्या तबकड्यांवर तरफांची चमक शोधू नका. ते वरचे बारीक स्वर त्या यंत्राला पकडताच येत नव्हते. चमक नाही म्हणून सारंगी नाही, असं तिथे म्हणता येत नाही, फक्त गजावरून अंदाज करावा लागतो. फार दाबून लहान केलेल्या मोबाइलवरच्या फायलींतही पहिला बळी याच चमकेचा जातो. आणि दिलरुबा, इसराज यांनाही तरफा असतात. पण त्यांची मुख्य तार धातूची आणि दांडीला पडदे, त्यामुळे आवाज पातळ आणि धारदार येतो, तातेची ती खरखर येत नाही.

आता दोन्ही बाजूंचे कोमल गंधार लागोपाठ ऐकवतो. आधी भीमपलास, मग पटदीप. आवाज थोडा वाढवा, पंखा मिनिटभर बंद करा, आणि गज थांबला की कान टवकारा.

(ध्वनिमुद्रण: तुकडा पहिला, पाच सेकंद शांतता, तुकडा दुसरा)