चेहरा सोडा, कान बघा

(सेलू इथल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं नीटनेटकं करून)

नमस्कार मंडळी. मागपर्यंत आवाज यायलाय ना? बरं. संयोजकांनी मला विषय दिला होता बनावट फोटो कसे ओळखायचे, मी म्हणलं एवढा पसारा मला झेपायचा नाही, मी स्टुडिओवाला माणूस, लग्नाचे अल्बम आणि पासपोर्ट फोटो ह्यातच आयुष्य गेलं. त्यामुळं मी एकाच प्रकारावर बोलतो, एकाच्या धडावर दुसऱ्याचा चेहरा. हे काम आमच्या धंद्यात रोज होतं, त्यात लपवायचं काय. टी-शर्टवर आलेल्या पोराला कोट-टायमधला फोटो पाहिजे असतो, तो कोट कॉम्प्युटरमधेच असतो, त्याचं फक्त डोकं त्यावर जातं. घरात कोणी वारलं की कुठल्यातरी जुन्या ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा काढून, फेटा घालून, हार घालायचा फोटो करून द्यायचा असतो. म्हणजे जोड कुठं येतो आणि तो झाकायला काय काय करावं लागतं हे आम्हाला हातानं माहीत आहे.

आता एक केस घेतो. मागं एका गावात ग्रामपंचायतीच्या इलेक्शनच्या तोंडावर फोटो फिरला, गाव आणि माणसं सांगत नाही. रात्रीचा ढाबा, टेबलावर बाटल्या, चौघं बसलेले, त्यातला एक म्हणजे उमेदवार. माळकरी माणूस, पन्नाशीच्या पुढचा. सगळ्या गावाच्या ग्रुपवर गेला. त्यांचा पुतण्या माझ्याकडं आला आणि म्हणला, "काका, हे आमचे आण्णा नाहीत, पण चेहरा तर त्यांचाच आहे, आता काय सांगू लोकांला?"

पहिलं काम मी काय केलं असेल, तर फोटो बघायचं नाकारलं. कारण तो जो आणला होता तो दहा ठिकाणाहून फॉरवर्ड होऊन आलेला, आणि व्हॉट्सॲप फोटो पाठवताना दाबून बारीक करतं, त्यात कडा आणि बारीक दाणे सगळे चोथा होऊन जातात. तसल्या फोटोत खऱ्या माणसाची हनुवटीसुद्धा चिकटवल्यासारखी दिसते. मी म्हणलं, ज्यानं ग्रुपवर पहिल्यांदा टाकला त्याच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागव. दोन दिवसांनी आला, पहिल्यापेक्षा बराच मोठा आणि स्वच्छ. तेवढ्यावर काम होण्यासारखं होतं.

आधी उजेड बघितला. ढाब्यात फोटोच्या उजव्या अंगाला भिंतीवर ट्यूबलाइट, ती फोटोतच दिसायलेली. बाकी तिघांचे उजवीकडचे गाल उजळ, डावीकडचे काळपट, नाकाची सावली डावीकडं कलंडलेली. आण्णांच्या चेहऱ्याला मात्र दोन्ही गाल सारखे, डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि नाकाची सावली सरळ खाली मिशीवर. हा उजेड डोक्यावरून येतोय, भर दुपारच्या उन्हाचा.

पण इथंच लोकं फसतात, म्हणून थांबतो. शेजारच्या माणसाशी तुलना करून निकाल द्यायचा नाही. ढाब्यात दिवे चार असतात, एखादा नेमका बल्बखाली बसलेला असू शकतो. तुलना करायची ती त्याच माणसाच्या गळ्याशी, कारण गळा आणि चेहरा वीतभर अंतरावर आहेत, दोघांवर वेगवेगळा उजेड पडायला काही कारणच नाही. आण्णांचा गळा बघितला तर डावीकडं काळोख, उजवीकडं उजेड, म्हणजे गळ्याला ट्यूबलाइट लागलीय आणि चेहऱ्याला ऊन.

आणि तरीपण, नुसत्या सावलीवर माझा विश्वास नाही. अमेरिकेतलं एक उदाहरण सांगतो. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या खुनाचा आरोप ज्याच्यावर होता त्या ली हार्वी ऑस्वाल्डचा घराच्या मागच्या अंगणात बंदूक घेऊन उभा असलेला १९६३चा फोटो आहे. कित्येक वर्षं लोकं म्हणायचे हा बनावट आहे, नाकाची सावली सरळ खाली पडलीय आणि अंगाची सावली जमिनीवर तिरकी, एक सूर्य असं कसं करील. २००९ साली हॅनी फरीद नावाच्या संशोधकानं ऑस्वाल्डच्या डोक्याचं आणि अंगणाचं त्रिमिती मॉडेल कॉम्प्युटरवर बनवलं, एकच सूर्य ठेवला, आणि दोन्ही सावल्या फोटोत आहेत तशाच पडल्या. नाक पुढं आलेलं, वर कपाळ, खाली ओठ, डोकं जरा कललेलं, ह्या सगळ्यात सावली कुठं जाईल हे नुसत्या डोळ्यानं आपल्याला सांगता येत नाही, आपल्याला फक्त वाटतं की येतं. म्हणून उजेडावरून संशय घ्यायचा, शिक्का मारायचा नाही.

शिक्क्याच्या जवळ नेणारी गोष्ट म्हणजे कान.

का, तर चेहरा बसवणारा कानाला हात लावत नाही. कानाच्या आजूबाजूला केस, कल्ले, चष्म्याची काडी, हे सगळं कापत बसणं म्हणजे लई कटकटीचं काम, आणि बघणारा तर डोळे-नाक-ओठच बघतो, मग कशाला घाम गाळायचा. भुवईपासून हनुवटीपर्यंतचा मधला भाग उचलायचा, कान मूळ माणसाचेच राहू द्यायचे. मोबाईलवरचे चेहरा बदलणारे ॲपसुद्धा बहुतेक असंच करतात. चेहरा पकडायला जी एक पद्धत खूप वर्षं सगळीकडं चालली तिच्यात चेहऱ्यावर ६८ बिंदू मांडतात, जबडा, भुवया, नाक, डोळे, ओठ, आणि कानासाठी त्यात एक बिंदू नाही.

आता कान माणसागणिक वेगळा असतो हे काही माझं म्हणणं नाही. पॅरिसच्या पोलिसांत बर्तियों नावाचा माणूस होता, १८८०च्या दशकात त्यानं गुन्हेगारांची मापं घेऊन ओळख ठेवायची पद्धत काढली, बोटांचे ठसे चालू व्हायच्या आधी. त्या मापांत उजव्या कानाची लांबी होती, आणि प्रत्येकाचा एक समोरून, एक बाजूनं असा फोटो काढायचे, बाजूच्या फोटोत कान स्वच्छ दिसतो. माणूस हसला, रडला, जाड झाला, तरी कानाची घडण फारशी हलत नाही.

बघायचं काय तर तीन गोष्टी पुरे. पाळी गालाला सरळ चिकटलेली आहे का खाली मोकळी लोंबतीय. वरची वळलेली कड जाड आहे का पातळ, आणि कुठं सपाट होते. आणि कानाच्या भोकापुढं जो छोटा उंचवटा असतो तो गोल आहे का टोकदार. आण्णांचा डावा कान फोटोत पूर्ण दिसत होता, पाळी मोकळी, चांगली लोंबती. पुतण्याला म्हणलं घरचे फोटो आण, त्याच कोनातून डावा कान दिसणारे. त्यानं पाच-सहा आणले, नातीच्या बारशाचे, दिंडीतले, सगळ्यांत पाळी गालाला चिकटलेली. वरून आण्णांचे कान लहानपणी टोचलेले, आपल्याकडं जुन्या माणसांचे असतातच, तो बुजलेल्या भोकाचा खळगा घरच्या फोटोत दिसतो आणि ढाब्यातल्या कानावर नाही. भोकावर मी जास्त भर देत नाही, एवढी बारीक गोष्ट फोटो दाबताना पुसून जाऊ शकते. पाळीचा आकार मात्र तसा पुसला जात नाही.

कानालापण पथ्य आहे बरं का. सेल्फी हातभर अंतरावरून काढलेली असती, तेव्हा नाक मोठं येतं आणि कान मागं दबतात, दोन-तीन मीटरवरून काढलेल्या फोटोत तेच कान मोठे दिसतात. म्हणून सेल्फीतला कान आणि स्टेजवरचा कान असा मेळ घालायचा नाही. आज्यांचे जुने फोटोपण घ्यायचे नाहीत, जड कुड्या घालून घालून पाळी ओघळलेली असते. आणि उजवा कान डाव्याशी ताडायचा नाही, ते एकाच माणसाचेसुद्धा अगदी सारखे नसतात. ह्यावरून आणखी एक सांगतो, काही बहाद्दर उजेडाची बाजू जुळवायला चेहरा आरशासारखा उलटा करून लावतात. मग गालावरचा तीळ दुसऱ्या गालावर जातो. तसा तीळ दिसला की आधी तो फोटो फ्रंट कॅमेऱ्याचा आहे का ते विचारा, कारण काही मोबाईल सेल्फी आपोआपच उलटी ठेवतात.

आता कडा. कापलेली कड कडक राहिली तर लगेच दिसते, म्हणून आम्ही तिला फेदर देतो, म्हणजे कडेचा भाग हळूहळू विरत नेतो. त्यामुळं जोडावर एक मऊ पट्टा तयार होतो आणि त्या पट्ट्यात बारीक गोष्टी मरतात. आण्णांची दोन दिवसांची पांढरी खुंटं गालावर दिसत होती आणि जबड्याच्या कडेपर्यंत जायच्या आधीच गायब झाली, जसं काही न्हाव्यानं तेवढीच पट्टी गुळगुळीत करून दिली. कल्ल्याचंपण तसंच, वरून काळे दाट केस उतरले आणि मधेच संपून खाली एकदम पांढरे सुरू झाले. काळे त्या ढाब्यातल्या माणसाचे, पांढरे आण्णांचे.

आणि दाणे. रात्री कमी उजेडात मोबाईलचा फोटो दाणेदार येतो, रंगीत रवा शिंपडल्यासारखा. भिंत, शर्ट, गळा, तिघांचे चेहरे, सगळीकडं तो रवा होता आणि आण्णांच्या कपाळावर नाही, कारण तो चेहरा दुपारच्या फोटोतून आलेला. ह्यातसुद्धा गडबड होते, ब्यूटी मोड चालू असला तर मोबाईल स्वतःच चेहरा गुळगुळीत करतो, पण मग तो चौघांचाही करील, एकट्या आण्णांवरच मेहरबानी कशाला? तसंच पोर्ट्रेट मोडमधे कानाच्या आणि केसांच्या कडा मोबाईलच खाऊन टाकतो, त्यामुळं मागचं सगळं धूसर असलेल्या फोटोत कडेवरून काही बोलू नका.

तर उजेड, कान, कडा, दाणे, चारही एकाच बाजूनं बोलायलेत म्हणल्यावर मी पुतण्याला कागदावर लिहून दिलं. पुढं चेहरा जिथून उचलला तो फोटोपण सापडला, आण्णांच्याच सत्काराचा, दुपारी मंडपाबाहेर काढलेला, डोळे तेच, ओठ तितकेच उघडे. ते दोन्ही शेजारी ठेवून ग्रुपवर टाकले तेव्हा लोकांला पटलं. कानाचं मी कितीही सांगितलं असतं तरी तेवढ्यानं पटलं नसतं, हेपण खरं.

(श्रोत्यांतून प्रश्न : कानासकट पूर्ण डोकंच लावलं तर?)

हां, हे बरोबर विचारलं. मग कान काही कामाचा नाही, तो चेहऱ्याशी जुळणारच. तिथं जोड गळ्यावर येतो, आणि आम्ही कोटाचा फोटो करताना जोड नेमका कॉलरमागं दडवतो. म्हणून अशा फोटोत हनुवटीची सावली गळ्यावर पडलीय का ते बघा. डोकं दुसरीकडून आणलं की ती सावली मागंच राहते, गळ्यावर हातानं रंगवावी लागते, आणि बहुतेक जण एकतर विसरतात नाहीतर सगळ्या गळ्यावर सारखीच काळी फासतात. खरी सावली हनुवटीच्या लगेच खाली गडद असते आणि कॉलरकडं जाताना कडेला फिकी होत जाते.