घड्याळ कोयत्यापासून सुरू करा
(धारबांदोडा येथे ऊस उत्पादकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. धारबांदोड्यापासून सांगे, केपे, वाडे-कुर्डीपर्यंतची ओळखीची तोंडं समोर दिसताहेत, तेव्हा ऊस म्हणजे काय ते सांगत बसत नाही. निमंत्रणात विषय लिहिलाय ‘तोडणी आणि वाहतुकीचं वेळापत्रक’. त्यावर मी येणारच आहे. पण आधी एक गोष्ट मनात फार दिवसांपासून ठसठसतेय, ती सांगतो.

आपण सगळे कारखान्याच्या वजनकाट्यावरची वेळ बघतो. गाडी काट्यावर किती वाजता लागली, नंबर कितवा, खाली कधी झाली. उसाला त्या वेळेशी काही देणंघेणं नाही. त्याचं घड्याळ कोयता बुंध्यात बसला त्या क्षणी सुरू झालेलं असतं. तुटलेल्या कांड्यातलं पाणी उडायला लागतं, उसातलेच विकर साखर फोडून तिचा ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतात, आणि कापलेल्या टोकांतून शिरलेले ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतात. फोडलेली साखर दाण्यात येत नाही, मळीत जाते. डेक्स्ट्रानने रस दाट होतो, गाळणी आणि शिजवणी दोन्ही अडतात. जाळून तोडलेल्या किंवा तुकडे केलेल्या उसात हे आणखी लवकर होतं.

यात एक फसगत आहे, ती नीट ऐका. शिळा ऊस ब्रिक्समीटरवर, म्हणजे रसात विरघळलेलं सगळं मिळून किती ते दाखवणाऱ्या यंत्रावर, चांगला दिसतो. पाणी उडालं की रस घट्ट होतो आणि आकडा चढतो. फुटलेली साखरही ब्रिक्समध्ये मोजली जातेच. म्हणून शेतावर नुसता ब्रिक्स बघून ‘ऊस अजून झकास आहे’ असं कुणी म्हणालं तर मानू नका. शिळेपण कळतं ते रसाच्या शुद्धतेवरून, म्हणजे ब्रिक्समधली खरी साखर किती यावरून. आणि नाकावरून. कापलेल्या टोकाला आंबूस वास आणि लालसर रंग दिसला की समजायचं, उशीर झालाय.

आता माझी तक्रार. घाटावरच्या एका कारखान्याच्या शेतकी खात्यात मी काही हंगाम काढले. कारखान्याचं नाव घेत नाही. गाळपाची क्षमता आपल्या इथल्या संजीवनी साखर कारखान्याएवढीच, रोज 1250 टन. जानेवारीत एके रात्री मिलचा एक मोठा भाग गेला आणि गाळप दहा तास बंद पडलं. यंत्र आहे, बंद पडतंच, तिथे माझा राग नाही. पहाटे मी शेतकी कार्यालयात गेलो, तर कुणी किती ऊस तोडायचा त्या दिवसाच्या तोडीच्या चिठ्ठ्या नेहमीसारख्याच निघाल्या होत्या. पूर्ण 1250 टनांच्या! मी म्हटलं, अर्ध्या तरी थांबवा. उत्तर मिळालं, ‘टोळ्या बसून राहतील, मुकादम बोंब मारेल, आणि संध्याकाळी मिलमध्ये ऊस टाकायची गव्हाण रिकामी राहिली तर आम्हाला जाब विचारतील.’ चिठ्ठ्या घेऊन जाणारे चिटबॉय पहाटेच फडात पोचलेले होते, सात वाजता कोयते चालू झाले.

मिल सकाळी सुरू झाली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण हिशेब बघा. 1250 टन म्हणजे तासाला साधारण 52 टन. दहा तास बंद, म्हणजे 520 टन ऊस यार्डात जास्तीचा साठला. दुसऱ्या दिवशी 1250 टन तुटला, 1250 टन गाळला. तिसऱ्या दिवशीही तेच. मग ते 520 टन कमी कधी होणार? कधीच नाही! यार्डात उभ्या असलेल्या प्रत्येक 52 टनांमागे पुढच्या प्रत्येक गाडीला एक तास जास्त थांबावं लागतं. म्हणजे त्या रात्रीनंतर आलेली प्रत्येक गाडी दहा तास जास्त शिळी होऊन गव्हाणीत पडत होती, रोज, आठवडाभर, पंधरवडाभर. ज्याच्या शेतातला ऊस दुरुस्तीनंतर वीस दिवसांनी तुटला, त्याचंही वजन त्या एका रात्रीने खाल्लं. आणि चालकांनी शिव्या कुणाला दिल्या? काट्यावरच्या कारकुनाला. बिचाऱ्याचा काय संबंध!

याचा उपाय साधा होता. पुढचे चार दिवस चिठ्ठ्या 1250 ऐवजी 1120 टनांच्या काढायच्या. रोज 130 टन कमी, चार दिवसांत 520 टन साफ. टोळ्यांना त्या दिवसांचा खाडा भरून द्यायचा झाला असता, तरी तो पैसा उसाच्या वाळण्यात गेलेल्या पैशापुढे काहीच नव्हता. शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात, वाळलेल्या पाण्याचे नाहीत. दिवसाला वजनात टक्का-दोन टक्के घट धरली तर दहा टनांच्या गाडीमागे शंभर-दोनशे किलो. कारखान्याचा साखरेचा उतारा घसरला तो वेगळाच. मी लेखी दिलं, कुणी वाचलं नाही. असो, आयोजक घड्याळ दाखवताहेत, आणि वेळापत्रकावर अजून यायचंय.

भराभर सांगतो. मिल चोवीस तास चालते, कोयता मात्र दिवसाच चालतो. गाड्या समजा सकाळी अकरा ते रात्री नऊ या वेळात येतात. मग रात्री नऊपासून दुसऱ्या दिवशी अकरापर्यंतच्या चौदा तासांना गव्हाणीला सुमारे 730 टन लागणार. रात्री नऊला यार्डात तेवढा ऊस आणि थोडी जोखमीची शिल्लक हवीच. त्याहून जास्त उभा असेल तर दुसऱ्या दिवसाच्या चिठ्ठ्या तेवढ्याने कमी करायच्या. हा निर्णय रात्री नऊलाच व्हावा आणि मुकादमाला झोपण्यापूर्वी कळावा, कारण सकाळी कोयता चालल्यावर कुणाचाच इलाज चालत नाही.

दुसरं, चिठ्ठीवर तोडणी सुरू केल्याची वेळ लिहा. नंबर आगमनावर न देता तोडणीच्या वेळेवर द्या. लांबच्या फडांनी पहाटे तोडून दुपारी गाडी सोडावी. जवळच्यांनी दुपारनंतर तोडावं, त्यांचा ऊस पहाटेच्या गाळपाला ताजा मिळतो. उशीर होणारच असेल तर मोळ्या सावलीत, पाचटाखाली, शक्य तर पाणी मारून ठेवा. आज तोडून परवा गाडी मिळणार असेल तर आज तोडूच नका. उभा ऊस शेतात थांबतो, तुटलेला थांबत नाही.

तिसरं, आपल्या गोव्याचं. 2019-20 पासून संजीवनीचं गाळप बंद आहे आणि ऊस अनमोड घाटातून कर्नाटकात जातोय. गव्हाण आपल्या हातात नाही, यार्डही नाही. हातात आहे ती फक्त तोड. म्हणून ज्यांच्याशी वाहतुकीचा करार होतो, त्यांच्याकडून टनांच्या आकड्याबरोबर एक गोष्ट लिहून घ्या: रोज रात्री नऊला त्यांच्या यार्डात किती टन ऊस उभा आहे हे आपल्या गटप्रमुखाच्या फोनवर कळवायचं. त्यांच्या रोजच्या गाळपाला चोवीसने भागा, म्हणजे एका तासाला किती टन ते मिळेल. यार्डातल्या टनांना त्या आकड्याने भागा, म्हणजे आपली गाडी किती तास उभी राहणार ते कळेल. घाटातला वेळ त्यात मिळवा. तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत बसत असेल तर टोळीला फडात घाला. नसेल तर एक दिवस थांबा, आणि मुकादमाला तसं आजच सांगा.