थोडं कमी म्हणजे किती, आणि कधीपर्यंत?

श्रोतेहो, नमस्कार.

माझं आयुष्य दुसऱ्यांच्या पगारपत्रकांवर गेलं. रत्नागिरीत कर सल्लागाराकडे बसणारा माणूस मी, त्यामुळे पगार देणारे आणि पगार घेणारे दोघेही माझ्या टेबलासमोर येतात. आज त्यांच्यातल्या एकीबद्दल बोलणार आहे, नऊ वर्षांच्या खंडानंतर पुन्हा नोकरीला लागताना तिने पगार कसा ठरवून घेतला त्याबद्दल. त्या ओळखू येऊ नयेत म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत, हिशेब मात्र तसाच ठेवला आहे. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा, दोन-चार आकडे लिहावे लागतील.

या बाई पावसच्या. एका कारखान्यात अकाउंट्स सांभाळायच्या. फेब्रुवारी 2016 मध्ये नोकरी सोडली, कारण सासऱ्यांना अर्धांगवायू झाला आणि मुलगी लहान होती. तेव्हा पगारपत्रकावरचा एकूण पगार होता 16,000 रुपये. जानेवारी 2025 मध्ये त्यांनी पुन्हा काम शोधलं. मिरजोळ्याच्या बाजूला एक काजू प्रक्रिया कारखाना आहे, तिथे त्यांच्या मावसदिरांनी शब्द टाकला होता. कोकणात नोकऱ्या अशाच लागतात, आणि अडचणही तिथूनच सुरू होते. शब्द टाकणारा माणूस पगाराचंही परस्पर बोलून ठेवतो: "द्या हो तुम्ही काय ते, घरचीच आहे." मावसदिरांना आधीच सांगून ठेवावं लागलं, ओळख करून द्या, आकड्याचं मी बोलेन.

माझ्याकडे त्या आल्या तेव्हा खूश होत्या. मालकांनी 22,000 सांगितले होते. "भाऊ, सोळाचे बावीस झाले," म्हणाल्या.

खरंच झाले का, ते बघू.

पहिला प्रश्न, नऊ वर्षांपूर्वीचे 16,000 आज किती? घर-जमीन विकताना भांडवली नफा काढायला आयकर खातं दरवर्षी एक आकडा जाहीर करतं, महागाई निर्देशांक. 2015-16 साली तो 254 होता, 2024-25 साली 363. सोळा हजारांना 363 ने गुणा आणि 254 ने भागा. उत्तर येतं 22,866. यात एक मेख आहे. हा निर्देशांक ग्राहक किमतींच्या पूर्ण वाढीवर बसवलेला नाही, त्या वाढीच्या 75 टक्के धरून बसवलेला आहे. म्हणजे बावीस हजार आठशे हा कमीत कमी आकडा झाला. तेवढे मिळाले तर बाई 2016 मध्ये जिथे होत्या तिथेच उभ्या राहतात.

दुसरा प्रश्न, मालकांचे 22,000 म्हणजे नेमकं काय? फोन करून विचारायला सांगितलं: "हे पगारपत्रकावरचे की कंपनीला पडणारे?" उत्तर आलं, कंपनीला पडणारे. आता फोड करू. मूळ पगार 15,000. त्यावर मालकाच्या वाट्याचा प्रॉव्हिडंट फंड 12 टक्के, म्हणजे 1,800. ग्रॅच्युइटीचे साधारण 720. बोनसचे 580. किरकोळ शुल्क सोडूनच देऊ. हे 3,100 आधीच बाजूला गेले. पगारपत्रकावर राहिले 18,900. त्यातून बाईंचा स्वतःच्या वाट्याचा फंड पुन्हा 1,800, म्हणजे हातात 17,100. ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, लागू असेल तर आणखी पाऊण टक्का. व्यवसाय कर मात्र नाही. महाराष्ट्रात 25,000 पर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे.

फंडाचे पैसे वाया जात नाहीत, ते तुमच्याच खात्यात जमा होतात. ग्रॅच्युइटीचं तसं नाही. कायम नोकरीत ती पाच वर्षांनी हातात पडते, आणि इथे मात्र पहिल्या महिन्यापासून पगारात धरलेली. तीन वर्षांत नोकरी सोडलीत तर त्या 720 रुपयांचं तोंडही दिसत नाही. म्हणून तुलना करायची ती पगारपत्रकावरच्या आकड्याची जुन्या पगारपत्रकावरच्या आकड्याशी. 22,866 च्या समोर 18,900. सोळाचे बावीस झाले नव्हते, चार हजार कमी झाले होते.

एक सांगून ठेवतो. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी फंड सहसा नसतो. तिथे सांगितलेला आकडा जवळजवळ तसाच हातात येतो, पण मागे काही साठत नाही. अशा वेळी मालकाचे ते 12 टक्के मनात धरूनच बोलायला बसा.

आता मालकांची बाजू. तीही खोटी नव्हती. बाईंनी नोकरी सोडली 2016 ला, जीएसटी आला 1 जुलै 2017 ला. व्हॅटची विवरणं भरलेला हात होता, जीएसटीचं एकही नाही. त्यानंतर मालवाहतुकीसाठीचं ई-वे बिल आलं, टॅलीचं रूप बदललं. मालकांच्या डोक्यात भीती होती ती याची. चुकीचं विवरण गेलं की विलंब शुल्क, व्याज, वर नोटीस. "घरी होतात" असं ते म्हणत होते, पण बोचत होता तो जीएसटी. बहुतेक बायका इथे चुकीच्या प्रश्नाला उत्तर देत बसतात. सासऱ्यांचं आजारपण, मुलीची शाळा, सगळं सांगतात. मालकाला सहानुभूती वाटते आणि पगार आहे तिथेच राहतो. खंडाचं कारण एका वाक्यात सांगायचं, घरात आजारपण होतं, आता मोकळी आहे, आणि कामावर यायचं.

बाईंना तीन आठवडे माझ्याकडे काम करणाऱ्या मुलीजवळ बसवलं. एका महिन्याची खरेदीची बिलं घेऊन ती जीएसटी पोर्टलवरच्या GSTR-2B या खरेदीच्या यादीशी ताडून बघायची, पुरवठादाराने भरलंय का नाही ते शोधायचं. 11 तारखेला विक्रीचं GSTR-1, 20 तारखेला महिन्याचा कर भरण्याचं GSTR-3B. हिशेबाची जाण होतीच, नवी फक्त वाट होती.

मग काजूची खास गोष्ट आली. शेतकऱ्याकडून कारखाना सालासकट काजू बी घेतो, तेव्हा त्यावरचा 5 टक्के कर शेतकरी भरत नाही, घेणाऱ्या कारखान्याला भरावा लागतो. उलट आकारणी म्हणतात तिला. तो कर आधी रोखीने भरायचा, इतर खरेदीवरच्या कराचं जे क्रेडिट जमा असतं त्यातून वळता करता येत नाही. शेतकरी नोंदणीकृत नसतो, म्हणून ही खरेदी 2B मध्ये दिसतच नाही. कारखान्याने स्वतःच्याच नावे बिल फाडायचं असतं. ही बिलं राहिली की चूक कुठेच दिसत नाही, थेट तपासणीत सापडते. मार्च ते मे या हंगामात अशी शेकडो खरेदी होते. जानेवारीत हे समजणारा माणूस हाताशी असणं मालकाला केवढ्याला पडतं आणि नसणं केवढ्याला, हे बाईंना कळलं तिथे त्यांचा आवाज बदलला. वेळही बरोबर होती. तेच जूनमध्ये गेल्या असत्या तर "दिवाळीनंतर बघू" ऐकून परत आल्या असत्या.

बोलणी झाली तेव्हा मी नव्हतो, बाईंनी नंतर सांगितलं ते असं.

मालक म्हणाले, "वहिनी, नऊ वर्षं घरीच होतात. सुरुवातीला थोडं कमी घ्यावं लागेल."

त्या म्हणाल्या, "चालेल. थोडं म्हणजे किती, आणि कधीपर्यंत?"

पुढे त्यांनी विचारलं, गेल्या हंगामात शेतकऱ्यांच्या खरेदीची स्वतःची बिलं कोण फाडत होतं? मालकांनी मुनीमजींकडे पाहिलं. मुनीमजींनी पंख्याकडे.

आकडा बाईंनीच आधी टाकला: पगारपत्रकावर 21,000, आणि 1 मेपासून 23,500. बोलून गप्प बसल्या. हे गप्प बसणं फार अवघड असतं. आकडा सांगितल्यावर आपणच घाईघाईने "म्हणजे तुम्हाला जमेल तसं" म्हणून टाकतो, आणि हजार-दीड हजार तिथेच सांडतात. मालक 19,500 म्हणाले, "पुढचं पुढे बघू." "बघू" ला तारीख नसते, म्हणून ते बाईंनी धरलं नाही. शेवटी ठरलं ते असं. 1 फेब्रुवारीपासून पगारपत्रकावर 20,500. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च या तीन महिन्यांची विवरणं विलंब शुल्क न लागता गेली, की 1 मेपासून 23,000.

यातलं पहिलं दिसतं ती तडजोड. खरी कमाई दुसऱ्या वाक्यात आहे. खंड पडला म्हणून काही काळ कमी घेणं गैर नाही. ते कमी किती, कशासाठी आणि कुठल्या तारखेपर्यंत हे ठरलेलं नसेल, तर पुढची प्रत्येक वाढ त्याच कमी आकड्यावर टक्क्यांनी मोजली जाते.

मालकांनी आणखी एक विचारलं होतं, पंधरा दिवस येऊन काम दाखवा, मग बघू. अर्धा दिवस बसून एका महिन्याचं जुळवून दाखवते, असं बाई म्हणाल्या आणि दाखवलंही. पंधरा दिवस फुकट काम म्हणजे परीक्षा नव्हे, पंधरा दिवसांचा पगार.

पगाराखेरीज एक गोष्ट मागितली. हंगामात उशीर झाला की पावसची शेवटची एसटी चुकते. रिक्षाचे पैसे कोणाचे? कारखान्याची गाडी कामगारांना सोडायला जातेच, तिच्यात जागा ठरली. मालकाचा एक पैसा जास्त गेला नाही.

कायद्याचं विचाराल, तर एकाच कामाला बाईला पुरुषापेक्षा कमी पगार देता येत नाही. 1976 च्या कायद्यापासून हे तत्त्व आहे, आता ते वेतन संहितेत आहे. किमान वेतनाच्या खाली दोघांच्या संमतीनेही जाता येत नाही. पण नऊ वर्षांच्या खंडामुळे अनुभव कमी धरून कमी पगार दिला, तर त्याविरुद्ध कायदा सहसा मदतीला येत नाही. तिथे बोलावंच लागतं.

फंडाचा जुना यूएएन नंबर शोधून तोच द्या, नवा काढू देऊ नका. बाईंची जुनी सात वर्षं होती आणि पैसे काढलेले नव्हते. फंडाच्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, म्हणजे त्यांना आता तीनच उरली. पेन्शनचे पैसे पूर्वीच काढून घेतलेले असतील तर ती जुनी वर्षं मोजली जात नाहीत.

नेमणूकपत्रात मेची वाढ लिहायला मालक टाळाटाळ करत होते. घरचंच आहे, कागद कशाला, म्हणाले. बाईंनी भांडण केलं नाही. त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं: "नमस्कार. आज बोलल्याप्रमाणे 1 फेब्रुवारीपासून रुजू होते. पगारपत्रकावर 20,500, आणि तीन विवरणं वेळेत गेल्यास 1 मेपासून 23,000. काही वेगळं असेल तर कळवावे." रात्री साडेनऊला मालकांचं उत्तर आलं, "ओके वहिनी." बाईंनी त्याचा फोटो काढून मला पाठवला. नेमणूकपत्र हातात पडलं तेव्हा त्यात ती ओळ होती.